ताप की साप?

आमच्या मजल्यावरचे अण्णा सकाळी दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसतात. वय ७९. आठवडाभर तापाने पडून होते म्हणून त्या दिवशी कुलूप लावता लावता, त्यांच्याकडे पाठ करूनच मी ओरडून विचारलं, "अण्णा, ताप गेला का?"

अण्णा ताडकन उठले. "साप? कुठं निघाला?"

वहिनी हसल्या, मीही हसले. अण्णा मात्र गप्पच बसले.

लोकांचे कान तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, हे इथे सांगायला लाज वाटते. त्याच दिवशी साडेअकराला वहिनी त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. बंद खोलीत हेडफोन लावून, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. जाड, घुमणारे आवाज अण्णांना चांगले ऐकू येत होते. २५० हर्ट्झला २५ डेसिबल एवढा आवाज पुरला. आवाज बारीक, चिरका होत गेला तसा आलेख घसरला आणि ४००० हर्ट्झला तो ७० डेसिबल मोठा केल्यावरच ऐकू आला. म्हातारपणाचा बहिरेपणा बहुतेकदा असाच येतो. 'आ'कार, 'ओ'कार पोचतात, पण त, स, श, फ हे हलके, बारीक आवाज गळतात. 'ताप'मधला 'आ' त्यांना ऐकू आला होता, पुढचं-मागचं त्यांनी अंदाजाने भरलं.

मग वहिनी कानाजवळ जाऊन किंचाळल्या, "अण्णाऽऽ, कळलं का?" अण्णांनी तोंड वाकडं करून कानावर हात ठेवला. अशा कानाला हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि मोठा लगेच बोचतो. मधली जागा फार थोडी. शिवाय ओरडताना माणूस स्वर ताणतो, व्यंजनं त्यातच बुडतात. वर कानाशी तोंड नेलं की ओठ दिसत नाहीत ते वेगळंच.

ओठ पाहून सगळं कळतं असंही नाही. प, ब, म तिन्ही सारखेच दिसतात, क आणि ग तर दिसतच नाहीत. पण कानाने निम्मं आणि डोळ्यांनी थोडं दिलं की वाक्य जुळतं.

संध्याकाळी जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले असते तर माझं तोंड काळोखात गेलं असतं, म्हणून फिरून दुसऱ्या बाजूला गेले. तीन फुटांवर, त्यांच्या नजरेच्या उंचीला वाकले. आधी नुसतं "अण्णा". त्यांनी वर बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात, जरा सावकाश, "ताप उतरला का?"

"काय?"

इथे तेच वाक्य वरच्या पट्टीत म्हणायचा मोह होतो. मी शब्द बदलले. "अंग गरम आहे का अजून?"

"नाही गं, कालपासून नाही." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "आणि साप सापडला का?"