सोळा C0007 आणि एक डॉक्युमेंटरी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यावरच्या डॉक्युमेंटरीचं एडिट माझ्याकडे आलं, तेव्हा दोन कॅमेऱ्यांवर आठ दिवसांचं शूट झालेलं होतं. रोज कार्ड फॉरमॅट व्हायचं आणि फाईलचा नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यामुळे C0007.MP4 नावाच्या सोळा फाईल्स जमल्या. दिवस आणि कॅमेऱ्याप्रमाणे डिस्कवर फोल्डर आणि एडिटिंगच्या प्रीमिअर सॉफ्टवेअरमध्ये तशाच बिन्स, म्हणजे क्लिप्सचे कप्पे, केल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होते.

तीन आठवड्यांनी सगळं मटेरियल मोठ्या हार्ड डिस्कवर हलवलं. प्रीमिअरमध्ये सगळ्या क्लिप्स ऑफलाइन दिसल्या, म्हणजे त्याला त्यांच्या फाईल्स सापडेनात. Link Media मध्ये फक्त फाईलचं नाव आणि एक्स्टेन्शन जुळवायला टिक होती. सगळ्या क्लिप्स एकदम जोडल्या. मग टाइमलाइन चालवली, तर आजी जाळं विणण्याबद्दल बोलत होत्या आणि पडद्यावर दुसऱ्याच दिवशीची होडी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरचा होता, म्हणून तो बरोबर राहिला.

मुलाखतीतली चूक लगेच कळते. खाडीच्या शॉटच्या जागी खाडीचाच दुसरा शॉट आला तर डोळ्यांना पत्ता लागत नाही, आणि मला खरी भीती तीच होती. मग v03 चा, म्हणजे तिसऱ्या व्हर्जनचा, हलवाहलवीच्या आधीचा एक्सपोर्ट वरच्या ट्रॅकवर ठेवला आणि ब्लेंड मोड Difference केला. दोन्ही चित्रं सारखी असतील तिथे स्क्रीन जवळजवळ काळी होते, वेगळी असतील तिथे भुतासारखं चित्र उमटतं. सदतीस शॉट चुकीचे निघाले.

हलवाहलवीच्या आधीचा ऑटो-सेव्ह उघडला. या वेळी Relink others automatically ची टिक काढली आणि एकेका बिनमधल्या क्लिप्स त्याच दिवसाच्या फोल्डरशी जोडल्या. बिन्स नसत्या तर कुठली C0007 कुठल्या दिवसाची, हे ओळखताच आलं नसतं. या प्रोजेक्टमध्ये फाईल्सची नावं मी बदलली नाहीत, कारण बदलली असती तर सगळं पुन्हा ऑफलाइन गेलं असतं. आता मात्र कार्ड कॉपी झाल्यावर, इम्पोर्टच्या आधी, D03_B_C0007.MP4 असं नाव देते: तिसरा दिवस, बी कॅमेरा.

मार्करनेही असाच चकवा दिला. दिग्दर्शक ताईंच्या सूचना मी सिक्वेन्सवर मार्कर टाकून लिहीत होते. सुरुवातीचे वीस सेकंद कापले, तर पुढचे सगळे मार्कर जागच्या जागी आणि शॉट मात्र वीस सेकंद अलीकडे सरकलेले. Ripple Sequence Markers चालू नसेल तर असंच होतं. शॉटबद्दलची नोंद आता क्लिप मार्करवर करते, तो क्लिपबरोबरच सरकतो.

व्हर्जनसाठी दर वेळी सिक्वेन्सची कॉपी काढून KOLI_v04, KOLI_v05 असं नाव देते, जुनी सिक्वेन्स OLD बिनमध्ये जाते. एक्सपोर्टचं नावही तेच, आणि टाइमकोडसोबत व्हर्जन चित्रावर बर्न केलेलं. परवा ताईंचा फोन आला, “चौदा मिनिटं दहाला होडीचा शॉट लांबतोय गं.” मी विचारलं, “ताई, कोपऱ्यात काय लिहिलंय?” “v06.” मी v08 वर होते. OLD मधून v06 उघडली, शॉट पाहिला. v08 मध्ये तो आधीच कापलेला होता.