हालबर्डचं वजन

जुलैतला शनिवार, रात्रीचे साडेदहा. फोंड्यात पाऊस असा कोसळत होता की स्ट्रीमवरच्या आवाजात पत्र्याचा ताशा मिसळला होता. खेळ थेट दाखवणाऱ्या एका यूट्यूब चॅनेलचं चॅट मी सांभाळतो. शिवीगाळ काढायची, कुणी पुढचं फोडलं तर ते खेळणाऱ्याच्या नजरेस पडण्याआधी उडवायचं, आणि एरवी गप्प बसायचं. त्या रात्री एल्डन रिंग चालू होता. २०२२ साली आलेला हा खेळ आमचा पोरगा पहिल्यांदाच खेळत होता, आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात उभ्या असलेल्या मार्गिट नावाच्या दांडग्या शत्रूने त्याला तेविसाव्यांदा लोळवला होता.

पंधराव्या मरणानंतर चॅटचा बाजार झाला. ‘लेव्हल वाढव’, ‘ढाल टाक’, ‘आता उडी मार’, ‘अशें न्हय रे’. एकाने तर मार्गिटला काही वेळ जमिनीला जखडणारी बेडी कुठल्या गुहेत, कोणाकडे आणि किती रून्सना मिळते तेही लिहिलं. ते मी लगेच काढलं. माहिती खरी होती, पण ती गुहा आणि तिथला तो विक्रेता स्वतः सापडण्यात जी मजा आहे, ती परत देता येत नाही.

‘आता उडी मार’ची अडचण निराळी. यूट्यूबवर लो लेटन्सी लावली तरी बघणाऱ्यापर्यंत चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. त्याला काठी उठलेली दिसते, तो टाइप करतो, आणि ते खेळणाऱ्याने वाचेपर्यंत मार्गिटची काठी कधीच पडलेली असते, बहुतेक वेळा खेळणाराही. चालू लढाईत दिलेला वेळेचा सल्ला म्हणजे काल सुटलेल्या बसचं तिकीट. शिवाय लढताना चॅट वाचायला डोळे वळले की तेवढ्यात एक फटका बसतोच. म्हणून मी स्लो मोड लावला, म्हणजे एकाच्या दोन संदेशांमध्ये तीस सेकंदांचं अंतर. गोंगाट थोडा उतरला.

चोविसाव्या वेळी स्क्रीनवर YOU DIED आलं आणि पोरगा कंट्रोलर मांडीवर ठेवून पाणी प्यायला लागला. तेवढ्यात एका नेहमीच्या बघणाऱ्याचा संदेश आला. तासभर तो काहीच बोलला नव्हता.

‘दादा, नको असेल तर सोडून दे. लोळण घेतल्यावर उठायला वेळ लागतोय असं वाटलं. इक्विपमेंटमध्ये Heavy Load आहे का? हातात नसलेल्या हालबर्डचंही वजन धरलं जातं.’

पोरग्याने मोठ्याने वाचलं, ‘हातात नसलेल्या’ पाशी थांबला आणि मेनू उघडला. होतं. Heavy Load.

खरा घोळ असा होता. त्याने व्हॅगाबॉन्ड हा पात्राचा वर्ग घेतला होता. या वर्गाला सुरुवातीलाच लांब तलवार, हालबर्ड म्हणजे लांब दांड्याची भाल्यासारखी कुऱ्हाड, आणि ढाल मिळते. तो तलवारीने लढत होता आणि हालबर्ड उजव्या हाताच्या दुसऱ्या खणात नुसता पडून होता. तलवारीचं वजन ३.५, हालबर्डचं ८. खेळात पिशवीतल्या वस्तूंचं ओझं होत नाही, पण खणात लावलेली प्रत्येक वस्तू मोजली जाते, मग ती हातात असो वा नसो. एकूण वजन उचलण्याच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर वार चुकवायला घेतलेली लोळण मध्यम असते. त्याच्या वर गेलं की जड होते: अंतर कमी कापलं जातं, माणूस पोत्यासारखा आपटतो आणि उठायला उशीर लागतो. ३० टक्क्यांच्या खाली हलकी लोळण मिळते, पण चिलखत घालून तिथे पोचणं अवघड. वाटेत मिळालेली एक जाडजूड ढाल आणि नवं शिरस्त्राण चढवल्यावर पोरगा ती ७० ची रेघ केव्हा ओलांडून गेला, ते त्याला कळलंच नव्हतं. खेळ त्याबद्दल ओरडून सांगत नाही. मेनूत दोन शब्द बदलतात, बस्स. बघणाऱ्याला मात्र ते लोळणीवरून ओळखता येतं.

मला तो संदेश आवडला तो निव्वळ नम्रतेमुळे नव्हे. ‘मी काही मोठा खेळाडू नाही, पण’ असं लांबण लावून सल्ला देणारे पुष्कळ असतात, आणि वाचणाऱ्याला त्यांचाच जास्त राग येतो. याने स्वतःबद्दल अक्षरही काढलं नव्हतं. जे स्क्रीनवर दिसलं तेच ‘वाटलं’ म्हणून सांगितलं, आणि ते खरं की खोटं हे पोरग्याला दहा सेकंदांत स्वतः बघता येईल अशी जागा दाखवली. ‘तुझं ओझं जास्त आहे’ असं ठणकावलं असतं आणि ते चुकीचं निघालं असतं, तर पुढचे सगळे सल्ले मातीमोल. प्रश्न चुकला तरी कुणाचं काही जात नाही. आणि काय काढायचं, हे त्याने सांगितलं नाही. यूट्यूबच्या चॅटमध्ये एका संदेशाला २०० अक्षरांची मर्यादा असते. तेवढ्यात एकच गोष्ट नीट मावते, आणि त्याने एकच निवडली होती. फोडलं काहीच नाही. मार्गिट पुढे काय करणार हे मार्गिटचं गुपित, ओझ्याचा हिशेब हा खेळाचा नियम. नियम सांगण्यात कुणाचा शोध हिरावला जात नाही.

पोरग्याने हालबर्ड काढला. Med. Load. पुढच्याच लोळणीला फरक चॅटलाही दिसला, आणि लगेच ‘मी आधीच सांगितलेलं’वाले तिघे उगवले. त्यांना मी पाच मिनिटं गप्प केलं. (सांगितलं कुणीच नव्हतं, मी वर जाऊन पाहिलं.)

तरी तो जिंकला नाही. मार्गिट काठी वर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. घाबरून आधीच लोळण घेणाऱ्याला उठता-उठता टिपतो. जरा लांब जाऊन औषधाची कुपी तोंडाला लावली की सोनेरी सुरा फेकून मारतो. पोरगा दोन्हींत सापडत होता. तो मघाचा माणूस यावर काही लिहील म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने लिहिलं नाही. एकतिसाव्या मरणानंतर पोरग्यानेच विचारलं, ‘भाऊ, त्या काठीचं काय करू? दरवेळी तीच लागते.’

तेव्हा उत्तर आलं: ‘हात वर जाताना नको, खाली यायला लागला की लोळ. आणि मागे नको, त्याच्या अंगाकडे.’

मागे लोळलं की काठीच्या टोकाच्या टप्प्यात राहतो, अंगाकडे गेलं की ती डोक्यावरून जाते आणि पाठीत दोन वार करायला मोकळीक मिळते. हे कुपीच्या बाबतीतही उपयोगी पडतं, कारण त्याचा मोठा वार संपल्यावर जवळच उभं राहून प्यायलं तर सुऱ्याला वेळ मिळत नाही. हे दुसरं पोरग्याने स्वतःच शोधलं, चौतिसाव्या वेळी, आणि एवढा ओरडला की आतून आईचा आवाज आला, ‘अरे, शेजारी झोपलेत ना!’

सव्वाबाराला वीज गेली. मार्गिटचं पाव रक्त शिल्लक होतं.

रविवारी संध्याकाळी स्ट्रीम सुरू झाला तेव्हा हालबर्ड परत खणात होता. जाडी ढाल आणि शिरस्त्राण काढून जुनी हलकी ढाल लावली होती. तलवार ठेवून पोरगा हालबर्डनेच लढला, कारण त्याची पोच लांब आणि अंगाकडे लोळल्यावर तो मार्गिटच्या पाठीपर्यंत आरामात जात होता. मेनू त्याने सगळ्यांना दाखवण्यासाठी मुद्दाम उघडा ठेवला: Med. Load. सहाव्या खेपेला मार्गिट पडला. चॅटमध्ये कालच्या माणसाने विचारलं, ‘दादा, हालबर्डची कल्पना कुठून सुचली?’