पट्टे बदलत राहिले, दोष बकलाचा होता

एका तपासणीसाठी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत थांबायला लागलं, त्याची चिडचिड अजून गेलेली नाही. मनगट तोवर रोज खाजत होतं. बडोद्याच्या पावसाळ्यात घड्याळ घालणाऱ्या कोणाला असाच त्रास होत असेल, तर निदान त्याचे तेवढे महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

मी शिक्षिका आहे. दांडिया बाजारातून फतेगंजला स्कूटरवर जाते. शाळेत पोचेपर्यंतच पट्ट्याखाली घाम साठलेला असतो आणि घड्याळ दिवसभर काढता येत नाही. चामड्याचा पट्टा जुलैतच संपला. चामडं घाम पितं आणि दमट हवेत वाळतच नाही. शिलाई काळी पडली, कडेला मिठाची पांढरी रेघ आली आणि वास असा की फळ्यावर लिहिताना हात वर केला की मलाच जाणवायचा. मग सिलिकॉनचा घेतला. तो नळाखाली धुतला की स्वच्छ होतो, पण त्यावर खडूची पूड चिकटते आणि खालचा घाम बाहेर पडायला वाट नसते. संध्याकाळी कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसायची. सिलिकॉन घालायचाच तर एक बोट आत जाईल इतका सैल ठेवा आणि मधल्या सुट्टीत काढून मनगट पुसा. उन्हाळ्यात संध्याकाळी मनगट फुगतं, त्यामुळे सकाळी बरोबर बसणारं भोक चारनंतर आवळतं.

पण दोन्ही पट्ट्यांत एक गोष्ट सारखीच होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे, एक लाल चौकोन उठायचा. खाज, बारीक फोड, मग पाणी. पट्टा बदलला तरी चौकोन त्याच जागी. मी मात्र पट्ट्यालाच दोष देत राहिले.

तिसऱ्या वेळी एका दुकानातून धातूची चेन घेतली. दुकानदार म्हणाला, "बेन, इम्पोर्टेड स्टील छे, कशुं नहीं थाय." चार दिवसांत चौकोनाऐवजी मनगटाभोवती पूर्ण कडंच उठलं. महिन्याभरात चेनच्या कड्यांच्या कडा घासून आत पिवळं दिसायला लागलं. ते स्टील नव्हतंच, पितळेवर मुलामा होता. मी परत गेले तर त्यानं चेन हातातही घेतली नाही, "पसीनो वधारे छे तमारो" म्हणाला. माझ्या घामावर ढकललेला तो दोष मला फार लागला.

तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुने पट्टे मागवले आणि पट्टे बाजूला ठेवून बकलं पाहिली. चौकोन बकलाच्याच मापाचा होता. घामातलं मीठ स्वस्त मुलाम्यातून निकेल सोडवतं, ते कातडीत शिरतं आणि ज्याला वावडं आहे त्याला पुरळ येतं, असं त्यांनी समजावलं. नुसत्या घामाचं पुरळ पट्ट्याखाली सगळीकडे असतं आणि मनगट दोन दिवस कोरडं ठेवलं की उतरू लागतं. निकेलचं पुरळ धातू लागल्यावर लगेच नाही, एक-दोन दिवसांनी येतं आणि धातू जिथे टेकतो तिथेच बसतं. मी रविवारी घड्याळ काढायचे आणि सोमवारी चौकोन जास्त खाजायचा, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

खात्रीसाठी पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या वाट्यांतून वेगवेगळे पदार्थ चिकटपट्टीनं लावतात. सोमवारी लावायचं, ४८ तासांनी बुधवारी काढायचं आणि शुक्रवारी पुन्हा बघायचं. तोवर पाठीला पाणी नाही, घाम नाही. ऑगस्टमध्ये, बडोद्यात! मी शाळेतून रजा घेतली, पंख्याखाली पालथी पडून राहिले, तरी त्याच रात्री पट्टीचा एक कोपरा सुटला आणि सकाळी दोन वाट्या उशीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, घामानं वाट्या सुटल्या की निकाल भरवशाचा राहत नाही, आता पाऊस आणि ऑक्टोबरचा उकाडा संपल्यावर या. तोवर धातू कातडीला लावू नका.

सगळे मग सल्ले द्यायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, बकलाला नेलपॉलिश लाव. लावलं. बिनरंगाचं, दोन हात. घामात चौथ्या दिवशी पापुद्रे निघाले आणि पुरळ परत. कोणी म्हणालं, चुंबक लावून बघ, चिकटला नाही तर निकेल नसलेलं चांगलं स्टील. हे तर उलटच आहे. घड्याळाच्या चांगल्या ३१६एल स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही आणि त्यात निकेल १० ते १४ टक्के असतं. पण ते स्टीलमध्ये घट्ट धरलेलं असतं, घामात फारच थोडं सुटतं. धातूत किती आहे यापेक्षा त्यातून किती सुटतं ते महत्त्वाचं.

हे मला भाच्यामुळे डोळ्यांनी दिसलं. तो एम. एस. युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकतो. निकेल ओळखायला त्यांच्याकडे डायमिथाइलग्लायॉक्झाइम वापरतात. त्याचा एक थेंब आणि अमोनियाचा एक थेंब कापसाच्या काडीवर घेऊन त्यानं बकल अर्धा मिनिट घासलं. कापूस गुलाबी झाला. सिलिकॉनच्या पट्ट्याचं बकल, गुलाबी. चेनच्या घासलेल्या कडा, गुलाबी. माझं गरब्याचं ऑक्सिडाइज्ड कडं तर गडद गुलाबी. ह्यांच्या जुन्या स्टीलच्या घड्याळाची चेन, पांढरी. मंगळसूत्राच्या सोन्याच्या वाट्या, पांढऱ्या. मला त्या क्षणी हलकं वाटलं, कारण मंगळसूत्र काढायला लागेल की काय ही धास्ती मी कोणाला बोलले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये टेस्ट नीट झाली. निकेलची जागा लाल आणि फुगलेली. चामडं कमावताना वापरतात त्या क्रोमियमची जागा स्वच्छ. म्हणजे बिचाऱ्या चामड्यावर उगाच आळ घेतला होता. थंडीत मी ते आता घालते, फक्त बकल बदलून.

पावसाळ्यासाठी मी नायलॉनवर आले. घड्याळाच्या दोन्ही पिनांखालून एकच लांब पट्टी जाते तो प्रकार घ्या, कारण मग डायलमागचं झाकणही कातडीला टेकत नाही. काही घड्याळांचं झाकणही मुलाम्याचंच असतं. पट्टी एकपदरीच घ्या, दुपदरी जास्त गरम होते. बकलासाठी मी ह्यांच्या एका जुन्या पट्ट्याचं स्टीलचं बकल काडीनं तपासून बसवून घेतलं. नायलॉन भिजला की दमट हवेत तासन्तास ओला राहतो, म्हणून दोन पट्टे ठेवते. घरी आल्यावर एक साबणानं धुवायचा, दुसरा सकाळी घालायचा. रुंदी मात्र घरीच पट्टीनं मोजून जा. डायलच्या दोन शिंगांमधलं अंतर माझं १८ मिलिमीटर होतं आणि आधी अंदाजानं आणलेला २० चा बसलाच नाही.

ह्यांना निकेलचं काही नाही, ते खरी स्टीलची चेन घालतात आणि त्यांच्यासाठी तीच उत्तम. घाम पीत नाही, पुसली की कोरडी. कड्यांच्या फटीत मळ साठतो तेवढा दर रविवारी मी जुन्या टूथब्रशनं काढते. धुण्याआधी घड्याळात पाणी जात नाही ना, ते बघून घ्या, आणि गरम पाणी नको.

यंदाच्या नवरात्रात ते ऑक्सिडाइज्ड कडं सोडून मी काचेच्या बांगड्या घातल्या. नऊ रात्री गरबा खेळले, मनगट कोरं.