चारही मोटर्स ठणठणीत होत्या

“स्टिक सोडल्या की ड्रोन आपोआप जागेवर थांबतो ना? मग त्या दिवशी तुमचा गोल गोल फिरत कुंपणात कसा गेला?”

मोटर्स ठणठणीत होत्या, प्रोपेलर शाबूत होते, बॅटरी भरलेली होती. वाराही नावापुरताच होता. ड्रोन फिरायला लागला तेव्हा माझा हात स्टिकवर नव्हता. हे शेवटचं कोणालाच पटत नाही, म्हणून आता सविस्तर सांगतो.

“थांबतो” हा शब्द फसवा आहे. चारही प्रोपेलर जोर लावतात तो एकाच दिशेला, ड्रोनच्या वरच्या बाजूला. चौघांचा वेग एकदम वाढवला तर तो वर जातो. मागच्या दोघांचा वाढवून पुढच्या दोघांचा कमी केला तर नाक खाली झुकतं आणि जोराचा थोडा भाग पुढे ढकलायला लागतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी घड्याळाच्या दिशेने फिरते, दुसरी उलट. एका जोडीला जरा जास्त आणि दुसरीला जरा कमी वेग दिला की नाक वळतं. एवढंच काय ते हातात असतं. आडवं धरून ठेवणारं काहीच नाही, ब्रेक नाही. अगदी समतल असलेला ड्रोनही वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि आधीचा वेग असेल तर समतल राहूनच पुढे सरकत राहतो. जागेवर राहायचं तर त्याला सारखं इकडेतिकडे झुकावं लागतं. दहा अंश झुकला तर दर सेकंदाला वेगात सुमारे १.७ मीटर प्रतिसेकंदाची भर पडते, आणि उंची टिकवायला चौघांना मिळून दीड टक्का जास्त जोर लावावा लागतो. हे काम ड्रोनचं कलणं-फिरणं मोजणारा जायरो आणि मोटर्सना हुकूम देणारा कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा करत असतात आणि त्यात ते सहसा चुकत नाहीत. त्या दिवशीही चुकले नाहीत.

मग चुकलं काय? किती झुकायचं ते बरोबर होतं. कुठल्या बाजूला, ते चुकलं.

जीपीएस सांगतो, “तू एक मीटर पश्चिमेला सरकलास.” मोटर्सना मात्र पूर्व-पश्चिम कळत नाही. त्यांना नाक, शेपूट, डावं, उजवं एवढंच ठाऊक. या दोन भाषांमधला दुभाषी म्हणजे कंपास. समजा नाक खरं तर उत्तरेला आहे, पण कंपास साठ अंश चुकीचं सांगतोय, त्याच्या मते नाक पूर्वेकडे कललेलं आहे. कंट्रोलरला पूर्वेला जायचंय. तो हिशेब करतो: पूर्व माझ्या नाकापासून तीस अंश उजवीकडे. नाक न वळवता त्या बाजूला तो झुकतो. प्रत्यक्षात तो झुकतो उत्तरेच्या जवळ. लावलेल्या जोरापैकी जेमतेम निम्मा पूर्वेला लागतो आणि ८७ टक्के उत्तरेला, म्हणजे नको तिकडे. पुढच्या क्षणी जीपीएस म्हणतो, “आता उत्तरेला गेलास.” तो दक्षिणेला जायला बघतो आणि पूर्वेला ढकलला जातो. अशी प्रत्येक दुरुस्ती बगलेला पडते आणि ड्रोन वर्तुळात फिरतो. चूक थोडी असेल तर वर्तुळ आत येत विरून जातं. चूक ९० अंशांपर्यंत जावी लागत नाही, त्याच्या बरंच आधी ते मोठं होत जातं. इंग्रजीत याला “टॉयलेट बोल” म्हणतात, इतकं हे जुनं आणि ओळखीचं दुखणं आहे. ओळखायची खूण अशी: ड्रोन गोल जातो, पण नाक जवळजवळ एकाच दिशेला राहतं. वाऱ्याने असं होत नाही, वारा एका बाजूला नेतो.

ड्रोन माझा नव्हता, मित्राचा होता. “तू उडव, तुझा हात बसलाय,” म्हणाला, म्हणून रिमोट माझ्याकडे आला. त्याने मोठी बॅटरी बसवली होती आणि तिच्या लांब तारा कंपासच्या शेजारून, एकमेकींपासून दूर अशा नेल्या होत्या. जमिनीवर मोटर्स बंद असताना कंपास अगदी बरोबर दिशा दाखवत होता. मी स्वतः पाहिली होती. तीन मीटरवर नेऊन जीपीएसच्या आधाराने जागेवर थांबवणारा `Loiter` मोड लावला आणि स्टिक सोडल्या. तो आधी जरा सरकला. असं तर सगळेच सरकतात. मग वळला. मग वर्तुळ दिसायला लागलं. मी उलटी स्टिक दिली. तो आधी बरोबर बाजूला झुकला आणि मग भलतीकडे वळत गेला, कारण या मोडमध्ये स्टिक म्हणजे नुसती इच्छा असते, ती पुरी करणारा कंट्रोलर त्याच खोट्या दिशेवर हिशेब करतो. मागे उभे असलेले लोक “सोड, सोड स्टिक” म्हणत होते.

मी `AltHold` लावला. यात जीपीएस बाजूला पडतो, झुकाव आणि उंची एवढंच उरतं. आणि इथेच सगळ्यांना वाटलं की मी ड्रोन पळवला. वर्तुळावरून सुटलेला तो साधारण पाच मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ निघाला. दहा अंश उलटा झुकवून तो वेग मारायला तीन सेकंद आणि सात मीटरहून जास्त अंतर लागतं. तीस अंश झुकवला तर सव्वादोन मीटर, पण त्याला तितकं झुकायलाही क्षणभर हवा, आणि कुंपण समोरच होतं. मी झुकवला, वेग बराच उतरला, तरी तो जाळीत अडकला. दोन प्रोपेलर गेले. मोड बदलला नसता तर? वर्तुळ वाढत जाऊन झाडांत गेला असता, असं माझं म्हणणं. मित्राचं म्हणणं वेगळं आहे.

ड्रोनने उडताना नोंदवलेला लॉग उघडल्यावर कंपासचा आकडा `MagX` आणि बॅटरीचा करंट `Curr` यांचे आलेख एकाखाली एक ठेवले. करंट वाढला की कंपासचा आकडा त्याच्याबरोबर उडी मारत होता. वीस अँपियर वाहणाऱ्या एका सरळ तारेपासून पाच सेंटिमीटरवर सुमारे ८० मायक्रोटेस्ला क्षेत्र असतं. पृथ्वीचं सगळं मिळून २५ ते ६५. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या असत्या तर परस्परांचं बरंचसं खोडलं असतं. आता तशाच नेल्या आहेत आणि कंपास उंच दांड्यावर आहे.

पूर्वी मी नवशिक्यांना ठासून सांगायचो की जीपीएसच्या मोडमध्येच उडवा. आता मी स्वतः `AltHold`मध्ये वर नेतो, थ्रॉटल वाढवताना स्क्रीनवरची दिशा हलते का ते पाहतो, मग मोकळ्या जागी उंचावर `Loiter` लावून बोट स्विचवर ठेवतो. पण हे नवशिक्याला सांगू का? `AltHold`मध्ये तो वाऱ्याबरोबर वाहत जाईल आणि घाबरून स्टिक सोडेल. जीपीएसमध्ये शंभरातल्या बहुतेक वेळा स्टिक सोडणंच बरोबर असतं. म्हणून विचारणाऱ्यांना मी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि दोन्ही अजून माझीच आहेत.