तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं स्वतःच करणाऱ्या नव्या मॅनेजरला कामं सोपवायला कसं शिकवायचं?

'जरा डेलिगेट कर' एवढं सांगून कुणी काही सोडत नाही, एक काम हातात घेऊन त्याच्यावरच शिकवावं लागतं. आमच्या कळंगुटकडच्या हॉटेलात हाऊसकीपिंगला एक मुलगी नव्याने मॅनेजर झाली. कामाला एक नंबर, पण सुपरवायझरने पास केलेली प्रत्येक रूम ही परत जाऊन बघायची, चादरीचा कोपरा स्वतः नीट करायची आणि दोन वाजता चेक-इनला आलेले गेस्ट लॉबीत बॅगा घेऊन बसलेले, कारण रूम तयार असूनही मॅडमची वाट बघत अडकलेल्या.

मी तिला म्हटलं, आधी फक्त दुसरा मजला सोड. सुपरवायझरला 'नीट लक्ष ठेव गो' असं सांगून भागत नाही, नीट म्हणजे काय ते बोलायचं. मग दोघींनी बसून ठरवलं की दीडपर्यंत त्या मजल्यावरच्या सगळ्या डिपार्चर रूम, म्हणजे गेस्ट सोडून गेलेल्या, फ्रंट ऑफिसला रेडी म्हणून द्यायच्या, आणि रेडी म्हणजे बाथरूममध्ये केस नाही, एसी-गीझर चालू करून बघितलेले, टॉवेल पूर्ण. कुठल्या क्रमाने करायचं ते सुपरवायझरने बघावं. लिनन कमी पडलं तर बाकीच्या मजल्यांवरून आणायचं, नळ गळत असेल तर मेंटेनन्सला थेट फोन करायचा, विचारत बसायचं नाही. एखादी रूम होणारच नाही असं दिसलं तर मात्र साडेबाराच्या आत सांगायचं.

चेक-इन, म्हणजे आपलं भेटून विचारायचं, बारा वाजता, पाच मिनिटं. बारालाच का, तर तेव्हा उशीर कळला तर अजून एक माणूस तिकडे पाठवता येतो, दीडला कळून काय उपयोग! मधे फेऱ्या मारायच्या नाहीत (हे तिला सगळ्यात जड गेलं). रेडी झाल्यावर कुठल्याही दोन रूम उघडून बघायच्या, आणि आरशावर डाग दिसला तर फडका स्वतः उचलायचा नाही, सुपरवायझरला बोलावून दाखवायचा, पुसेल ती. मॅनेजरने स्वतः पुसला की उद्या परत तोच डाग.

सुपरवायझर 'मॅडम, लॉन्ड्री अजून आली नाही' म्हणत आली की नव्या मॅनेजरचा हात लगेच फोनकडे जातो. तिथे थांबून 'मग तू काय करतेस?' एवढंच विचारायचं, नाहीतर दिलेलं काम तिथेच परत आपल्या गळ्यात.

दर पंधरा मिनिटांनी सुपरवायझरचा फोन येत असेल तर तिने स्वतः काय ठरवायचं ते स्पष्ट झालेलं नाही असं समजा. फोनच नाही आणि दीडला चार रूम बाकी निघाल्या, तर भेट अकराला घ्या. सलग काही दिवस व्यवस्थित गेले की बाराची भेट एक दिवसाआड करा, मग तिसरा मजला द्या. गेस्टची वस्तू हरवल्याची तक्रार किंवा स्टाफवरची कारवाई मात्र मॅनेजरनेच हाताळायची, ती खाली ढकलू नका.