‘हो’ला ‘हो’

गप्पांमध्ये नवी बातमी थोडीच असते. निम्मा वेळ एकमेकांच्या हो ला हो करण्यात जातो. शेजारी म्हणतात, “मला फार उकडतंय,” आपण म्हणतो, “मलाही.” त्यांचं डोकं दुखत असलं तर “माझंही”, त्यांच्याकडे सुट्टे नसले तर “माझ्याकडेही नाहीत”. मी, मला, माझं की माझ्याकडे, हे त्यांचं वाक्य ठरवतं. “मला उकडतंय”वर कुणी “मीही” म्हणालं तर शाळेत न गेलेलं पोरसुद्धा हसेल.

इंग्रजीतही असंच जुळवून घ्यावं लागतं, पण जागा वेगळी. तिथल्या ‘आय’चं रूप बदलत नाही, जुळवायचं असतं ते सहायक क्रियापद. “आय अ‍ॅम हंग्री”ला “सो अ‍ॅम आय”, “आय कॅन स्विम”ला “सो कॅन आय”. “आय लाइक टी”मध्ये सहायक दिसतच नाही, मग ‘डू’ला बोलावून आणायचं: “सो डू आय”. चहा काल प्यायलेला असेल तर “सो डिड आय”.

संध्याकाळी मी काही आजी-आजोबांना बोलायचं इंग्रजी शिकवते. बहुतेकांची मुलं परदेशात, त्यामुळे सरावाची वाक्यं आपोआपच मुलांवर येतात. “माय सन लिव्ह्ज इन लंडन,” एक आजोबा म्हणाले. पलीकडच्या आजी लगेच, “सो डज माय डॉटर.” अगदी बरोबर. त्यांना दोन मुली असत्या तर ‘डज’चं ‘डू’ झालं असतं. म्हणजे काळ बोलणाऱ्याचा घ्यायचा आणि क्रियापदाचं रूप आपल्या माणसांप्रमाणे ठेवायचं.

घोळ होतो तो आखूड रूपांनी. “ही’ज हंग्री” आणि “ही’ज गॉन” कानाला सारखीच सुरू होतात, पण पहिल्याला “सो अ‍ॅम आय” आणि दुसऱ्याला “सो हॅज शी”, कारण एकात ‘इज’ दडलंय आणि दुसऱ्यात ‘हॅज’. “आय’ड लाइक सम टी”मध्ये ‘वुड’ आहे, “आय’ड बेटर गो”मध्ये ‘हॅड’. अशा वेळी मी एकच युक्ती सांगते: त्या वाक्याचा मनातल्या मनात प्रश्न करा. “हॅज ही गॉन?” असं होतं ना? मग प्रश्नात जो शब्द आधी आला तोच उत्तरात घ्या. “आय शुड हॅव आस्क्ड” अशी क्रियापदांची रांग असली तरी पहिलाच पुरे: “सो शुड आय”.

या युक्तीने ‘हॅव’चाही निकाल लागतो. “आय हॅव सीन इट”चा प्रश्न ‘हॅव’नेच होतो, म्हणून “सो हॅव आय”. पण “आय हॅव अ हेडेक”चा प्रश्न आज बहुतेक लोक “डू यू हॅव” असा करतात, म्हणून “सो डू आय”. जुन्या वळणाचा ब्रिटिश माणूस तिथेही “सो हॅव आय” म्हणेल. त्याला चूक म्हणू नये.

नकाराला नकार देताना मराठी आडवी येते. “मीही नाही”मध्ये आपण ‘नाही’ पुन्हा म्हणतो, म्हणून “नीदर हॅवन्ट आय” तोंडात येतं. ‘नीदर’ने नकार आधीच गिळलेला असतो, पुढे नुसतं “हॅव आय”. शिवाय काही वाक्यांत नकार चोरपावलांनी येतो. “आय हार्डली एव्हर ईट आउट” यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी जोडीला “नीदर डू आय”च हवं. ‘नेव्हर’चंही तसंच.

“एवढं कशाला? ‘मी टू’ म्हटलं की झालं,” असं एक आजोबा दर आठवड्याला म्हणतात. खरंय, घरगुती बोलण्यात होकाराला ते सगळीकडे खपतं. आपल्याला तर ते फारच जवळचं, कारण ते थेट ‘मला पण’ आहे. पण मुलीचं सांगायचं असेल तर “माय डॉटर टू” थोडं लंगडं वाटतं, तिथे “सो डज माय डॉटर” ऐटीत चालतं.

शब्दांची जागा मात्र सांभाळायची. “सो हॅव आय” म्हणजे ‘माझंही तसंच’, आणि “सो आय हॅव” म्हणजे ‘अरेच्चा, खरंच की!’ आजींनी मला सांगितलं, “यू’व्ह गॉट चॉक ऑन युवर नोज.” याला “सो हॅव आय” म्हटलं असतं तर मीच त्यांच्या म्हणण्याला ‘माझ्याही नाकावर आहे’ अशी जोड दिली असती. रुमाल काढत म्हणायचं ते “सो आय हॅव”.