कागदाचे मखर आणि ओल्या फुलांचा भार

महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या घरी मखर कागदाचे व्हावे असे माझ्या मनात होते. पण भाद्रपदाची हवा दमट असते, कागद ती ओल शोषून मऊ पडतो आणि त्यातच ताज्या फुलांचे हार आपल्या वजनाने त्याला खाली ओढतात. त्यामुळे यंदा मखर करायला घेतले तेव्हा मी पहिला निर्णय असा घेतला, की फुलांचा भार कागदावर अजिबात येऊ द्यायचा नाही. गोव्यातील आणि तळकोकणातील घरांमध्ये गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिच्यात फळे, फुले व रानातले घोस लाकडी चौकटीलाच टांगलेले असतात. माझ्या मांडणीचे मूळ त्या चौकटीत आहे.

आमची मूर्ती फूटभर उंचीची असल्यामुळे तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच कमान पुरेशी होती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवले. पुठ्ठ्याच्या आतील नागमोडी कागदाच्या नळ्या एका थरात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या ठेवल्या. दोन्ही थरांतील नळ्या एकाच दिशेने राहिल्या, तर कमान त्या रेषेत सहज वाकते.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ केली. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवला, तो चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडला आणि मिश्रण काचेसारखे दिसू लागेपर्यंत ढवळत राहिले. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु हा कागद पुढे खतात जाणार असल्यामुळे मी ते टाळले आणि लागेल तेवढीच खळ रोज ताजी शिजवली, कारण पावसाळ्यात ती लवकर आंबते.

वर्तमानपत्राचे तुकडे हाताने फाडून पुठ्ठ्यावर लावले. फाडलेली कड विरळ असते, त्यामुळे सांधा दिसत नाही. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ओला कागद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो, म्हणून पुढे जितके थर द्यावेत तितकेच मागेही द्यावे लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहून कमान सरळ राहते. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. वरून कोरडा वाटणारा कागद आतून ओला असू शकतो, आणि तसे असेल तर गालाला लावल्यावर तो गार लागतो. असा ओलावा आत कोंडला गेला, की बुरशीचे करडे ठिपके उमटतात आणि कुबट वास येतो. मी पंख्याखाली कमान उभी करून दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी ठेवली. शेवटी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा थर देऊन त्यावर डिंकाच्या पाण्यात कालवलेला गेरू लावला.

कमानीच्या मधल्या भागात आईच्या जुन्या सुती नऊवारीचे कापड चुण्या घालून लावले, आणि कडेला खणाची पट्टी दिली. कापड चिकटवण्याऐवजी कच्च्या टाक्यांनी शिवले, म्हणजे नंतर टाके उसवून ते धुता येते. शिवाय जुन्या कापडाला जी मऊ घडी पडते, ती नव्या कापडाला पडत नाही असे मला वाटते.

फुलांसाठी कमानीच्या पुढे चार बोटे अंतर सोडून बांबूच्या जाड कामट्यांची वेगळी चौकट सुतळीने बांधली आणि ती खाली चौरंगाच्या पायांना आवळली. झेंडूचे तोरण, शेवंतीच्या माळा आणि आंब्याचे डहाळे सगळे या चौकटीवर आले. अंतरामुळे फुलांतून ठिबकणारे पाणी कापडावर उतरत नाही, झेंडूचे पिवळे डाग पडत नाहीत आणि मागे हवा खेळती राहते. हार टांगण्यापूर्वी झटकून थोडा वेळ निथळत ठेवत असे. माळा सुती दोऱ्यात ओवल्या होत्या आणि प्रत्येक माळ स्वतंत्र गाठीने बांधली होती, त्यामुळे लवकर काळवंडणारा निशिगंध रोज बदलताना टिकाऊ झेंडूला हात लावावा लागला नाही. समई मात्र चौकटीपासून हातभर दूर, बाजूला ठेवली, कारण वाळलेला कागद आणि सुती कापड क्षणात पेट घेतात.

गौरींबरोबर विसर्जन झाल्यावर चौकट सोडली. फुले दोऱ्यातून काढून वाळल्या पाल्याबरोबर खताच्या कुंडीत घातली, कारण नुसती ओली फुले कुजून वास मारतात. खणाच्या जरीत प्लॅस्टिकचा धागा असू शकतो, म्हणून पट्टी उसवून घडी घालून ठेवली. कमानीचा खालचा, ओल लागलेला काठ कापून त्याचे तुकडे कुंडीत टाकले आणि उरलेली कमान कामट्यांसह माळ्यावर आडवी ठेवली आहे. पुढच्या वर्षी फक्त नवा खालचा काठ जोडावा लागेल.